चावी लवकर दिली आणि मालकांनी घर लगेच दुसऱ्यांना दिलं, तर उरलेल्या दिवसांचं भाडं परत मागता येतं का?

प्रश्न: पुण्यात वाकडला टू बीएचके भाड्याने होता. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स, १ ऑगस्ट २०२४ ते ३० जून २०२५, भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. जूनचं भाडं पूर्ण भरलंय. नवीन घर मिळालं म्हणून १५ जूनला सामान हलवलं. मालककाका म्हणाले पेंटिंग करून घेतो, चावी दे, म्हणून १६ ला चावी दिली. आता कळलं की २० जूनपासून तिथे दुसरी फॅमिली राहतेय. उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले तर म्हणतात "तू स्वतःहून गेलास, ॲग्रीमेंटमध्ये परत द्यायचं असं कुठे लिहिलंय?" डिपॉझिटही अजून यायचंय. माझी मागणी बरोबर आहे का, आणि किती मागू?

उत्तर:

मागणी बरोबर आहे, पण १५ तारखेपासून नाही, २० तारखेपासून. हा फरक नीट समजून घ्या कारण याच ठिकाणी बहुतेक भाडेकरू जास्त मागतात आणि मग मालक सगळंच नाकारतात. मी गेली बरीच वर्षं पुण्यात लिव्ह लायसन्सची कामं आणि त्यातून निघणारी भांडणं बघतोय, आणि शेवटच्या महिन्याचं हे भांडण जवळपास प्रत्येक वेळी चुकीच्या प्रश्नावर चालतं. दोघं वाद घालत असतात की भाडेकरू कधी गेला. तो प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की घराचा ताबा दुसऱ्या कोणाला कधी मिळाला आणि तुम्ही चावी कशासाठी दिली होती.

आधी काकांचं म्हणणं कुठपर्यंत बरोबर आहे ते बघू, कारण ते पूर्ण चूक नाहीये. तुम्ही ३० जूनपर्यंतचा करार केला होता. तुम्ही १५ ला सामान हलवलं ती तुमची सोय होती. घर ३० तारखेपर्यंत रिकामं पडून राहिलं असतं तर तुम्हाला एक रुपयाही परत मागता आला नसता, कारण घर तुमच्यासाठी उपलब्ध होतं आणि तुम्ही वापरलं नाही एवढंच झालं असतं. न वापरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळत नाही हा नियम बरोबरच आहे. पण तुमच्या केसमध्ये २० तारखेपासून घर उपलब्धच राहिलं नाही, तुम्ही त्या दिवशी परत जाऊन तिथे झोपायचं म्हटलं असतं तरी जाता आलं नसतं, आणि हे मालकांनी केलं, तुम्ही नाही.

आता कायद्यात हे कुठे बसतं. आपल्याकडे ज्याला सगळे भाडेकरार म्हणतात तो कागदावर लिव्ह अँड लायसन्स असतो, म्हणजे भाडेपट्टा नाही, घर वापरायची परवानगी. या परवानगीचे नियम भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मध्ये आहेत, कलम ५२ पासून पुढे. त्यात कलम ६१ म्हणतं की परवानगी तोंडी किंवा लेखी शब्दांत रद्द करता येते तशीच वागण्यातूनही रद्द होते, आणि त्याला एक उदाहरण दिलंय जे तुमच्या केसला अगदी चपखल बसतं. शेताचा मालक ब ला शेतात वाळलेलं गवत रचून ठेवायची परवानगी देतो, नंतर तेच शेत क ला भाड्याने देतो किंवा विकतो, तर ब ची परवानगी रद्द झाली. बस, एवढंच. ब ला पत्र पाठवलं की नाही, ब त्या दिवशी शेतात होता की नाही, याने फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत नवीन फॅमिलीलाही बहुतेक लिव्ह लायसन्सच दिलं असेल, भाडेपट्टा नाही, पण पूर्ण फ्लॅट त्यांच्या ताब्यात दिला म्हटल्यावर परिणाम तोच.

मग परवानगी मुदतीआधी गेली तर पैशांचं काय, ते कलम ६४ मध्ये आहे. मोबदला घेऊन परवानगी दिली असेल आणि घेणाऱ्याची स्वतःची चूक नसताना, ठरलेला उपभोग पूर्ण व्हायच्या आत देणाऱ्याने त्याला बाहेर काढलं तर त्याला भरपाई मागता येते. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये परत द्यायचं लिहिलेलं नाही हा मुद्दा इथे चालत नाही, कारण ही भरपाई कायद्यातून येते, कराराच्या कलमातून नाही. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये उलटं काही लिहिलंय का तेवढं मात्र बघा, म्हणजे "भाडेकरू मुदतीआधी गेल्यास भाडं परत मिळणार नाही" अशी ओळ कुठे असेल तर काका तिच्यावर बोट ठेवतील. अशी ओळ असली तरी ती रिकाम्या घराबद्दल आहे, दुसऱ्याला दिलेल्या घराबद्दल नाही, असं म्हणायला तुम्हाला जागा आहे.

आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या, ऑनलाइन फॉरमॅटमधल्या ॲग्रीमेंटमध्ये "नो टेनन्सी" नावाचं एक कलम असतं, भाडेकरूला कुठलाही भाडेहक्क सांगता येणार नाही असं. बरेच मालक ते दाखवून म्हणतात की बघ, तुझा घरावर हक्कच नव्हता. ते कलम कायम राहण्याचा हक्क मागू नये म्हणून असतं. ज्या तारखांचे पैसे घेतलेत त्या तारखांनासुद्धा घर द्यायचं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच ॲग्रीमेंटमध्ये पाहणीचं कलमही असतं की मालकाला पूर्वसूचना देऊन पाहणीसाठी घरात येता येईल. यावरून उलट हे दिसतं की तोपर्यंत घर तुमच्या वापरात आहे असंच दोघांनी धरलेलं असतं.

तुमची कमकुवत बाजू कोणती तेही सांगतो. कलम ६४ मध्ये "बाहेर काढलं" असा शब्द आहे आणि काका म्हणणार मी कुठे काढलं, यानेच चावी आणून दिली. इथे चावी कशासाठी दिली हे सगळं ठरवतं. चावी देण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे "घर खाली केलं, ताबा घ्या, हिशोब करा" असं म्हणून दिलेली चावी, तेव्हा दोघांच्या संमतीने करार त्या दिवशी संपला, आणि मग भाडं कुठपर्यंत हे तुम्ही दोघं त्या वेळी काय बोललात त्यावर. दुसरी म्हणजे कामापुरती दिलेली चावी, पेंटिंगसाठी, प्लंबरसाठी, गिऱ्हाइकाला घर दाखवायसाठी. ती दिल्याने करार संपत नाही. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे, पण हे तुम्हाला दाखवता यायला हवं. काकांचा "पेंटिंग करून घेतो, चावी दे" हा मेसेज व्हॉट्सॲपवर आहे का ते आज शोधा. फोनवरच बोलणं झालं असेल तर १५-१६ तारखेचे बाकीचे मेसेज बघा, "पेंटर उद्या येतोय", "रंग कुठला लावू", असलं काहीही चालेल. आणि तुम्ही स्वतः काय लिहिलंय तेही बघा. "काका घर खाली केलंय, चावी वॉचमनकडे आहे" असं लिहून बसला असाल तर केस थोडी हलकी होते, संपत नाही.

संपत का नाही, तर काकांच्या स्वतःच्याच युक्तिवादामुळे. ते म्हणतात ना की तू स्वतःहून आधी गेलास म्हणून उरलेलं भाडं माझं. याचा अर्थ भाडेकरू आधी निघून गेल्याने त्यांचं जे नुकसान होणार होतं त्याची भरपाई म्हणून ते पैसे ठेवतायत. पण भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७३ नुकसानभरपाई झालेल्या नुकसानापुरतीच देतं, आणि नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते धरूनच हिशोब करा असंही त्यात स्पष्टीकरण आहे. २० तारखेपासून दुसऱ्याकडून भाडं सुरू झालं तर काकांचं नुकसान २० तारखेला थांबलं. म्हणजे करार चालू होता म्हणा की आधीच संपला होता म्हणा, दोन्ही रस्ते फिरून २० तारखेलाच येतात. एका घराचं एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेता येत नाही, हे काकांना कायदा न सांगताही पटायला हवं.

आता पैसे. जूनचे ३० दिवस, २४,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला ८००. २० ते ३० जून, दोन्ही दिवस धरून ११ दिवस, म्हणजे ८,८००. एवढेच मागा.

१६ ते १९ हे चार दिवस पेंटिंगचे. त्या दिवसांचं मागावंसं वाटणार तुम्हाला, कारण पेंटिंग नवीन लोकांसाठी होतं, पण तुम्ही स्वतः परवानगी दिली होती आणि तुमचं सामानही तिथे नव्हतं, तुम्हाला कोणी अडवलं नाही. हे दिवस सोडून द्या. सोडले की तुमची मागणी एका सरळ तारखेवर उभी राहते आणि तिच्यात घासाघीस करायला जागा उरत नाही. मात्र एक लक्ष ठेवा, काका डिपॉझिटमधून पेंटिंगचे पैसे कापणार असतील तर तो वेगळा विषय आहे, ॲग्रीमेंटमध्ये पेंटिंगची कपात लिहिलेली असेल तरच ते कापू शकतात, आणि लिहिलेली असेल तर त्यावर भांडू नका.

नवीन फॅमिलीकडून भाडं जास्त घेतलंय, समजा २६,०००, तर वरचे पैसे तुमचे नाहीत, त्याचा उल्लेखही करू नका. कमी घेतलं असेल तर काका म्हणू शकतात की मला तुझ्यामुळे कमी मिळालं. समजा २२,५०० ला दिलं, तर फरक महिन्याला १,५००, दिवसाला ५० रुपये, ११ दिवसांचे ५५०. हा फरक ते मागतील तर देऊन टाका, ८,२५० उरतात, वाद संपतो. ब्रोकरेज मात्र मान्य करू नका. तुमचं ॲग्रीमेंट ३० जूनला संपणारच होतं, १ जुलैला नवीन माणूस शोधायचाच होता, तो खर्च तुमच्यामुळे झालेला नाही. तुम्ही मुदतीच्या पाच-सहा महिने आधी घर सोडलं असतं तर ब्रोकरेजचा मुद्दा विचारात घ्यावा लागला असता.

मालक लोक अजून एक गोष्ट सांगतात, आणि ती खरीही असू शकते, की नवीन भाडेकरूचं भाडं १ जुलैपासूनच चालू आहे, हे दहा-अकरा दिवस त्यांना असंच राहू दिलं, शाळा चालू होत होती मुलांची. जूनमध्ये असं खूप होतं. असं असेल तर कलम ७३ चा, दुहेरी भाड्याचा मुद्दा तुमच्याकडून निघून जातो, कारण काकांना त्या दिवसांचं दुसरं भाडं मिळालेलंच नाही. पण कलम ६४ चा मुद्दा राहतो. तुमच्या पैशांचे दिवस काकांनी दुसऱ्याला भेट दिले, त्यांनी त्यातून कमावलं की नाही याने तुमचा प्रश्न बदलत नाही. फक्त तेव्हा सगळा भार चावी पेंटिंगपुरती दिली होती या एका गोष्टीवर येतो. तो मेसेज हातात असेल तर ठाम राहा. नसेल तर अर्ध्यावर तडजोड करायला हरकत नाही, मी माझ्या अशिलांना हेच सांगतो.

पुरावा कसा गोळा करायचा. पहिली गोष्ट सगळ्यांना सुचते ती म्हणजे नवीन ॲग्रीमेंट शोधणं. रजिस्टर्ड दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी विभागाच्या साइटवर शोधता येते, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह लायसन्स लेखी आणि रजिस्टर्ड असणं सक्तीचं आहे, ती जबाबदारी मालकाची. पण यावर भिस्त ठेवू नका. एजंट लोक ॲग्रीमेंटची सुरुवात सरळ पुढच्या एक तारखेपासून टाकतात, माणसं आधी राहायला आली तरी. तुम्ही इंडेक्स टू काढाल, त्यात १ जुलै दिसेल, आणि काका तोच कागद तुमच्या तोंडावर मारतील. त्यात २० जून दिसलं तर उत्तमच, मग दुसरं काही लागत नाही. १ जुलै दिसलं तर तो कागद बाजूला ठेवा, त्याने ताबा कधी दिला हे सिद्ध होत नाही, भाडं कधीपासून एवढंच कळतं.

ताबा कधी दिला हे सोसायटीत कळतं. टेम्पो आत आला त्याची गेटवर नोंद असते, सर्व्हिस लिफ्ट बुक केली असेल तर त्याची असते, मूव्ह-इन चार्ज घेणाऱ्या सोसायटीत पावती असते, भाडेकरूचा फॉर्म ऑफिसात असतो. वॉचमनकडून रजिस्टरचा फोटो गुपचूप मागू नका, त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. आणि सेक्रेटरी तुम्हाला दुसऱ्या रहिवाशाची माहिती देणार नाहीत, देऊही नये. तुम्ही सोसायटीच्या ऑफिसला एक ईमेल टाका की अमुक फ्लॅटचा मी ३० जूनपर्यंतचा लायसन्सी होतो, माझ्या मुदतीत त्या फ्लॅटला दुसऱ्या कोणाची मूव्ह-इन नोंद झाली का आणि कोणत्या तारखेला, एवढंच कळवा, नाव नको. उत्तर आलं तर छान. नाही आलं तरी तुम्ही वेळेत विचारलं होतं याची नोंद राहते, आणि पुढे वेळ आलीच तर ते रेकॉर्ड मागवता येतं. नवीन फॅमिलीला फोन करू नका, दारात जाऊ नका. त्यांनी यात काही केलेलं नाही, आणि तुम्ही गेलात की काका तोच विषय मोठा करतील.

अजून एक पुरावा असतो जो लोक विसरतात, लाइट बिल. महावितरणचं मीटर बहुतेक वेळा मालकाच्या नावावर असतं आणि शेवटचं बिल डिपॉझिटमधून कापलं जातं. १६ जूनला चावी देताना मीटरचा फोटो काढला होता का? काढला असेल तर त्या रीडिंगपर्यंतचे युनिट तुमचे, पुढचे नाहीत. आणि रिकाम्या घरात, नुसत्या पेंटिंगच्या कामाला, दोन एसी आणि गिझर चालल्यासारखे युनिट पडले असतील तर तिथे कोणीतरी राहत होतं हे बिलच सांगतं. फोटो नसेल तर जूनचं बिल मागवून घ्या, मागच्या महिन्यांशी ताडून बघा. गॅसचंही तसंच, पाइप गॅस असेल तर.

आता काकांशी बोलायचं कसं, कारण ८,८०० साठी कोर्टात जाण्यात शहाणपण नाही हे मी वकील असून सांगतोय. डिपॉझिट अजून त्यांच्याकडे आहे, त्यामुळे दोन्ही मागण्या एकमेकांत अडकू देऊ नका. ७५,००० हे तुमचे पैसे आहेत, त्यावर काही वाद नाही, ते आधी मोकळे करून घ्या. भाड्याचा विषय त्याच हिशोबात पण वेगळ्या ओळीत लिहा. साधारण असा मेसेज टाका:

"काका, नमस्कार. हिशोब असा होतोय. डिपॉझिट ७५,०००, त्यातून १६ जूनच्या रीडिंगपर्यंतचं लाइट बिल वजा. जूनचं पूर्ण भाडं मी भरलं होतं. १६ तारखेला चावी तुम्ही पेंटिंगसाठी मागितली म्हणून दिली, लायसन्स ३० पर्यंत होतं. २० जूनपासून घर दुसऱ्यांच्या ताब्यात आहे, त्यामुळे २० ते ३० जून ११ दिवसांचे ८,८०० परत यायला हवेत. पेंटिंगचे चार दिवस मी धरलेले नाहीत. तारखेत काही चूक असेल तर सांगा. डिपॉझिट या हिशोबासाठी थांबवू नका."

यात "तारखेत चूक असेल तर सांगा" हे वाक्य मुद्दाम आहे. काका जर उत्तरात म्हणाले की २० नाही २२ ला आले, तर दोन दिवस गेले पण बाकीचे नऊ दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने कबूल केले. काही न बोलता नुसतं डिपॉझिट पाठवलं तरी तुमच्या तारखेला विरोध झाला नाही हे दिसतं. म्हणून हे फोनवर करू नका, मेसेजवर किंवा ईमेलवरच करा, आणि कायद्याची कलमं पहिल्या मेसेजमध्ये घालू नका, कलमं वाचली की माणूस वकील गाठतो आणि मग डिपॉझिटही अडकतं.

डिपॉझिट देताना काका किंवा त्यांचा एजंट एक कागद पुढे करेल, "फुल अँड फायनल, कुठलीही बाकी नाही" असा. त्यावर तशीच सही केलीत तर ८,८०० विसरा. "२० ते ३० जूनच्या भाड्याचा विषय बाकी ठेवून डिपॉझिट मिळालं" असं हाताने लिहून सही करा. ते तयार नसतील तर तुम्ही ठरवा, ७५,००० आज हातात पडतायत आणि ८,८०० सोडायचे आहेत, तर बऱ्याच वेळा मीसुद्धा घेऊन टाका म्हणेन. बँकेतून ट्रान्सफर आलं आणि कागदच नसेल तर त्याच दिवशी मेसेज टाका की डिपॉझिट मिळालं, धन्यवाद, भाड्याची बाकी कधी देताय.

काकांना एक गोष्ट तोंडी सांगण्यासारखी आहे, अशांना ती लगेच कळते. तुम्ही ३० जूननंतर तीन दिवस जास्त राहिला असता तर काय झालं असतं? भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घ्यायला देतं, आणि तुमच्या ॲग्रीमेंटमध्येही ताब्याच्या कलमात ते बहुतेक लिहिलेलं असेल. काकांनी दिवस मोजूनच घेतली असती ती. तारीख जास्त राहणाऱ्याला लागू आहे तशी आधी घर देणाऱ्यालाही आहे. दुप्पट मागायला मात्र जाऊ नका, तुमच्या बाजूने तशी काही तरतूद नाही.

मेसेजने काम झालं नाही तर पोलिसांकडे जाऊ नका, हा दिवाणी विषय आहे, ते तेच सांगून परत पाठवतील. वकिलाची नोटीस पाठवायची तर तिची फी आणि ८,८०० यांचा हिशोब आधी करा. डिपॉझिटही अडवलं असेल तर नोटीस पाठवाच, तेव्हा रक्कम ८३,८०० होते आणि खर्च परवडतो. फक्त भाड्याचाच वाद उरला असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे दावा न लावता दाखलपूर्व अर्ज देता येतो, त्याला कोर्ट फी नाही, समोरच्याला नोटीस जाते आणि लोकअदालतीत बसवतात. काका आलेच पाहिजेत अशी सक्ती नाही, पण तिथून पत्र आलं की बरेच जण स्वतःहून फोन करतात. तिथे तडजोड झाली आणि निवाडा झाला तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाईत काही वाकडं बोलून ठेवू नका.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं ॲग्रीमेंट रजिस्टर नसून नुसतं नोटरी असेल, तर घाबरू नका. कलम ५५ असं म्हणतं की रजिस्टर्ड करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "मुदत ३० पर्यंत होती" हे तुम्ही ठामपणे सांगितलंत तर उलट दाखवायची जबाबदारी त्यांची.

आणि ज्यांचं घर सोडायचं अजून बाकी आहे त्यांनी सौदा चावी हातात असतानाच करावा. मालक महिना संपायच्या आत चावी मागतात तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा नवीन माणूस टोकन देऊन बसलेला असतो, आणि मालकांना ते दिवस तुमच्यापेक्षा जास्त हवे असतात. तेव्हा नुसतं लिहायचं: "चावी पेंटिंगसाठी देतोय, लायसन्स अमुक तारखेपर्यंत चालू आहे. त्याआधी घर दुसऱ्या कोणाला दिलंत तर त्या दिवसापासूनचं भाडं डिपॉझिटबरोबर परत करा." समोरून "ओके" आलं तरी पुरे, आणि त्या वेळी ओके येतंच, कारण पेंटर खाली उभा असतो.

शेवटचं, पैसे परत आले तर ते डिपॉझिटमध्ये मिसळून घेऊ नका, ट्रान्सफरच्या शेऱ्यात जून भाडे परतावा असं टाकायला सांगा. तुम्ही ऑफिसात एचआरए घेत असाल तर त्या घराचं जूनचं प्रत्यक्ष भाडं मग १५,२०० झालं, २४,००० नाही. पावती आधीच २४,००० ची दिली असेल तर अकाउंट्सला कळवून दुरुस्त करून घ्या.